तार कापली, तक्रार संपली

वासाचं मला काही वाटत नाही, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. साकीनाक्याला चिंध्यांच्या धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला कसला आलाय वास! पण त्या मंगळवारी घाटकोपरला नंदा तायडेच्या गाळ्यात पाय ठेवला आणि पदर आपोआप नाकावर गेला. शी.

आमचा माल म्हणजे काय, ते आधी सांगते. वर्कशॉपमधली माणसं मशीन पुसायला, तेलाचे हात पुसायला जो कपडा वापरतात ना, तो. बनियनचे तुकडे, जुन्या चादरी, फाटके टॉवेल. धुऊन, वाळवून, मशिनीत दाबून त्याची ऐंशी किलोची गाठ करायची आणि वरून तारा आवळायच्या. धुतलेला असला की त्याला वायपिंग म्हणायचं, न धुतलेला असला की नुसती चिंधी. दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. हे चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही, लिहायची गरजच पडत नाही.

नंदाने माझ्या पुतण्याकडून, सुबोधकडून, पांढऱ्या वायपिंगच्या बारा गाठी घेतल्या होत्या. धंदा मूळचा माझा, म्हणून तिने मला माल बघायला बोलावलं होतं. चिठ्ठीवर तेवढंच लिहिलेलं: माल, रंग, बारा गाठी, वजन, भाव, पोच घाटकोपर. खाली 'तक्रार व मुदत' असा एक रकाना छापलेला असतो, तो कोरा. आमच्या लायनीत तो कोराच राहतो. छापणाऱ्याने कधी काळी छापला, म्हणून तो आहे.

अकरा गाठींच्या तारा नंदाच्या बायकांनी कापल्या होत्या. वरचा वीतभर थर झकास, पांढरा, साबणाचा वास येणारा. आतमध्ये गाद्यांच्या जुन्या खोळी होत्या, पिवळ्या डागांच्या. बायकांची वापरलेली फडकी होती. ओल धरून काळ्या पडलेल्या लंगोट्या होत्या. एका गाठीत उंदीर होता, दाबून दाबून अगदी पापड झालेला, शेपटीसकट. नंदाने तो वर्तमानपत्रावर काढून ठेवला होता आणि तो कागद माझ्या पुढ्यात सरकवला. मी बाहेर जाऊन थुंकले.

तिथे चौदा बायका बसल्या होत्या, बचत गटातल्या. कपडा कापून हातभर तुकडे करायचे, कडेचे धागे काढायचे, दहा-दहा किलोचे गठ्ठे बांधायचे, हे त्यांचं काम. मरोळच्या एका कारखान्याने त्यांना पहिल्यांदाच ऑर्डर दिली होती, तीही नमुन्यादाखल. सोमवारपर्यंत चांगला माल पोचला तर वर्षभराचं काम, नाही तर रामराम. गटाकडे जी काही पुंजी होती ती या बारा गाठींत अडकली होती. सुबोधने त्या परत घेतल्या नाहीत तर दुसरा माल घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. गट मोडला असता, बायका पुन्हा घरकामाला लागल्या असत्या. नंदा हे रडून सांगत नव्हती. ती कात्री पुसत पुसत सांगत होती, आणि ते मला जास्त लागलं.

सुबोधने परत घ्यायला साफ नकार दिला होता. त्याने फोनवर एकच वाक्य म्हटलं होतं, आणि ते वाक्य माझं होतं.

तार कापली, तक्रार संपली.

माझ्या गोडाऊनच्या भिंतीवर ते मी स्वतः लाल रंगात लिहून घेतलेलं. तेव्हा सुबोध शाळेत होता. नवरा गेल्यावर मी त्याला मालवणहून आणलं, लायन शिकवली, गोडाऊन त्याच्या हवाली केलं. रिवाज मात्र माझ्याही आधीचा. गिऱ्हाइकाने गोडाऊनमध्ये यायचं, ढिगातली हवी ती एक गाठ निवडायची, ती त्याच्यासमोर फोडायची. पटलं तर बाकीच्या गाठी तशाच उचलायच्या. घरी नेऊन एकदा तार कापली की बोलायचं नाही. का? तर तार कापलेली गाठ परत आली की आतला माल माझा की तुझा, कोण सांगणार? आपली घाण आत भरून, चांगला कपडा काढून घेणारे लोक कमी नाहीत. रिवाजात अर्थ होता, असं मी मानत होते. अजूनही थोडंफार मानते.

चिठ्ठीच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की वाद झाला तर आमच्या व्यापारी मंडळाच्या पंचापुढे जायचं. नंदा गेली. सुबोधला ते आवडलं नाही, पण त्याला भीती नव्हती. बुधवारी सकाळी तो माझ्या घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला की काकी, तुला काही खोटं बोलायचं नाहीये, फक्त रिवाज आहे एवढं सांग, लायनीत तुझ्याएवढं जुनं कोणी नाही. मी त्याला विचारलं की मेल्या, त्या गाठी कुठून आणल्यास? तर म्हणे, भिवंडीहून तयार आल्या, मी कुठे फोडून बघतो. आणि हसला. असा हसला की कप त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. पण गेले मी, गुरुवारी. रिवाज तर होताच ना. आहे त्याला नाही कसं म्हणणार?

मंडळाची खोली मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, कँटीनच्या वर. खालून फोडणीचा वास येतो आणि लेथचा आवाज. पंच म्हणून बसल्या होत्या दीप्ती मॅडम, वकीलबाई, पस्तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. आमची लायन त्यांना माहीत नव्हती आणि तसं त्यांनी पहिल्याच मिनिटाला कबूल केलं. मला बरं वाटलं. आमच्याकडे येणारे शिकलेले लोक सहसा सगळं माहीत असल्यासारखे बसतात.

त्यांनी आधी चिठ्ठी वाचली, मग दोघांना समोर बसवून सांगितलं की चिठ्ठीत जे लिहिलंय ते पहिलं. जिथे चिठ्ठी गप्प आहे, तिथे धंद्याचा रिवाज बघायचा, आणि पंचाला तो बघावाच लागतो, कायदाच तसा आहे. पण रिवाज नुसता तोंडाने सांगून चालत नाही, सिद्ध करावा लागतो. आणि लिहिलेल्याच्या उलट जाणारा रिवाज तर चालतच नाही.

चिठ्ठी दोन ठिकाणी गप्प होती. एक म्हणजे, कपडा धुतलेला असावा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सुबोधने तिथे जरा हातपाय मारून बघितले, पांढरा म्हटलं होतं, पांढरा दिलाय, म्हणाला. दीप्ती मॅडमनी त्याला त्याच्याच जुन्या चिठ्ठ्या दाखवल्या. ज्यावर चिंधी लिहिलंय त्याचा भाव वेगळा, वायपिंग लिहिलंय त्याचा वेगळा. हा फरक कशाचा? धुण्याचा, सुबोध म्हणाला. झालं. मॅडमनी लिहून घेतलं की या धंद्यात वायपिंग म्हणजे धुतलेला कपडा, दोन्ही बाजूंना मान्य. चिठ्ठीची ती एक रिकामी जागा रिवाजाने भरली, आणि ती नंदाच्या बाजूने.

पण सुबोध गडबडला नाही. दुसरी रिकामी जागा त्याची होती. माल वाईट असेलही, तो म्हणाला, पण तो सांगायची वेळ गेली. रिवाज जर वायपिंगचा अर्थ सांगतो, तर रिवाजच सांगतो की तार कापल्यावर तक्रार नाही. हिने एक गाठ स्वतः निवडली, फोडून बघितली, ती चांगली निघाली, बाकीच्या उचलल्या. आता एकच रिवाज पाहिजे आणि दुसरा नको, असं कसं चालेल? मला मनातून मान्य करावं लागलं की पोरगं बोललं बरोबर. शिकवलं कोणी होतं?

नंदाला विचारलं की हा रिवाज तुम्हाला माहीत होता का. तिथे ती नाही म्हणाली असती तर तिला थोडं सोपं गेलं असतं, नवीनच तर होती ती गाठींच्या व्यवहारात. पण ती म्हणाली, माहीत होता, हातगाडीवर चिंध्या विकत होते तेव्हापासून माहीत आहे. सुबोधने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग मॅडमनी मला पुढे बोलावलं.

मी सगळं सांगितलं. किती जुना, का सुरू झाला, कोण कोण पाळतं. भिंतीवरचं वाक्यसुद्धा सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं, खोटं कशाला बोलू. मॅडम लिहीत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की हा रिवाज सगळ्यांना सारखा लागू आहे का? लहान गिऱ्हाईक, मोठं गिऱ्हाईक, सगळ्यांना?

मी हो म्हटलं.

"मग तुमच्या चाळीस वर्षांत तार कापलेली गाठ तुम्ही एकदाही परत घेतली नाही? नीट आठवून सांगा, नलिनीताई. घाई नाही."

आणि मला आठवलं. आठवायला वेळ लागला नाही, कारण मी ते विसरलेच नव्हते, फक्त कधी वर काढलं नव्हतं. कोविडच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. एक मोठी कंपनी होती, गाड्यांच्या कामाची. त्यांना मी चाळीस गाठी दिल्या. पावसात भिजलेला माल होता आणि मला ते माहीत होतं. त्यांनी तारा कापल्या, आतून बुरशी निघाली. त्यांच्या मॅनेजरने फोन केला. शिवी नाही, आवाज नाही, म्हणाला की मॅडम, पुढच्या वर्षीची ऑर्डर कोणाला द्यायची त्याचा विचार चालू आहे. मी टेम्पो पाठवला. चाळीसच्या चाळीस गाठी, कापलेल्या, विस्कटलेल्या, परत आणल्या. वर मिठाईचा डबा पाठवला, माफी म्हणून. तेव्हा भिंतीवरचं वाक्य मला काही आठवलं नाही. ते वाक्य कधी मोठ्या माणसाला वाचून दाखवलंच नव्हतं मी. आणि मीच कशाला, आमच्या लायनीत कोणी दाखवलं असेल तर शपथ.

सुबोध तेव्हा गोडाऊनमध्येच होता. टेम्पो त्यानेच रिकामा केला. आता खुर्चीवर पुढे सरकून तो माझ्याकडे बघत होता आणि मान अगदी हळू हलवत होता, नको म्हणून. त्या मान हलवण्याचीच मला किळस आली. उंदराची आली नव्हती तेवढी आली. कारण ती मान माझीच होती, मीच त्याला शिकवलेली.

"घेतल्या आहेत," मी म्हटलं. "एकदा. चाळीस गाठी. कंपनी मोठी होती म्हणून."

सुबोधने काकी म्हणून हाक मारली आणि थांबला. मॅडमनी विचारलं की दुसरे व्यापारी काय करतात? मी म्हटलं, तेच करतात. मोठ्याने डोळे वटारले की परत घेतात, लहान आला की भिंत दाखवतात. मग त्यांनी सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, की ज्याला धंद्याचा रिवाज म्हणायचं तो ठरलेला असावा लागतो, वाजवी असावा लागतो, आणि त्या धंद्यात सगळ्यांना एकसारखा लागावा लागतो. नंदाताईंना तो माहीत होता एवढ्याने भागत नाही. विकणाऱ्याच्या मर्जीवर ज्याला हवा त्याला लावला आणि नको त्याला सोडला, तर तो रिवाज नव्हे. ती विकणाऱ्याची सोय झाली. चिठ्ठीतली रिकामी जागा सोयीने भरता येत नाही. तिथे मग साधा कायदा लागतो: घेणाऱ्याला माल तपासायला वाजवी संधी मिळाली पाहिजे, ती मिळेपर्यंत त्याने माल पत्करला असं धरत नाहीत. आवळलेल्या गाठीच्या आतलं तार कापल्याशिवाय दिसत नाही. एक गाठ चांगली निघाली म्हणून बाकीच्या घाणीला सूट मिळत नाही, बाकीचा माल त्या गाठीसारखाच निघायला हवा. नंदाताईंनी कापल्याच्या दुसऱ्या दिवशी कळवलं होतं.

म्हणजे संपलंच होतं ते. निकाल त्या दुपारी लिहून देणार होत्या. सुबोधने मोबाइल उचलून खिशात टाकला, माझ्याकडे न बघता. मीही पिशवी उचलली. मनात एक घाणेरडा सुटकेचा भाव आला, खरं बोलले बाई, पुण्य लागलं, असा. तेवढ्यात नंदा बोलली. सबंध वेळात तिने मला काहीच विचारलं नव्हतं.

"ताई, त्या चाळीस गाठींचं पुढे काय केलंत?"

प्रश्न साधा होता. कपड्याच्या धंद्यातली बाई दुसरं काय विचारणार, एवढा माल परत आला तर गेला कुठे? मॅडमना त्याची गरज नव्हती. त्यांनी कागद गोळा करायला घेतले होते. मी टाकून दिला म्हटलं असतं तर कोणी पुरावा मागितला नसता.

पण मी त्या बुरशीवर वरून चांगला पांढरा थर लावून घेतला होता. पुन्हा मशिनीत दाबल्या, नवीन तारा आवळल्या. सुबोधला जवळ उभं करून दाखवलं होतं की बघ, थर असा लावायचा, कोपऱ्यापर्यंत. नमुन्यासाठी चार गाठी खऱ्या ठेवायच्या आणि ढिगाच्या पुढे लावायच्या, गिऱ्हाईक हाताशी येईल तीच निवडतं. परवा घाटकोपरला जो वीतभर थर बघून मी थुंकले होते, तो माझ्या हाताचा होता. भिवंडी कसली नि काय कसलं. आणि त्या चाळीस गाठी मी एकेक, दोन-दोन करून विकल्या, ज्यांना परत घेऊन यायला टेम्पो परवडत नाही अशा लोकांना. दोन गाठी नेल्या होत्या एका हातगाडीवालीने. तेव्हा तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. चेहरा मात्र आत्ता ओळखला. तिने तिसऱ्या दिवशी येऊन काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता आणि मी बोटाने भिंत दाखवली होती.

"विकल्या," मी म्हटलं. "त्यातल्या दोन तुला."

कँटीनमधून कोणीतरी चहाची आरोळी दिली. दीप्ती मॅडमचे हात कागदांवर थांबले. नंदा माझ्याकडे बघत राहिली. तिला धक्का बसला असं मला वाटलं नाही, उलट जुना हिशोब जुळल्यासारखं तिचं तोंड शांत झालं.

"माझ्या सासूने धुतल्या होत्या त्या," ती म्हणाली. "सोड्यात उकळून. तिच्या हातांना फोड आले होते. मी तिला म्हटलं होतं, आपलीच चूक, आपणच नीट निवडली नाही गाठ."

माफ कर म्हणायचं होतं, पण ते मिठाईच्या डब्यासारखं झालं असतं, आणि तो मोठ्यांना पाठवायचा असतो.

निकाल नंदाच्या बाजूने लागला. सुबोधला बाराही गाठी परत घ्याव्या लागल्या आणि घेतलेले पैसे त्याच दिवशी द्यावे लागले. तो माझ्याशी बोलत नाही. बायकोकरवी निरोप पाठवला की काकीन घरचो वासो मोडल्यान. मालवणीत बोलला म्हणजे राग खरा. असू दे. घराचा वासा कुजलेला होता, आणि तो कुजवला कोणी, ते मला माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी नंदा माझ्याकडे आली. हो, माझ्याकडे. सोमवारला तीन दिवस राहिले होते, आणि एवढ्या घाईत मिळेल असा धुतलेला पांढरा माल माझ्याच घरामागच्या शेडमध्ये पडून होता; गोडाऊन सुबोधला दिलं तरी थोडा माल मी माझ्याकडे ठेवते, माझ्या स्वतःच्या देखरेखीखाली धुतलेला. तिला ते ठाऊक होतं. ती चहा नको म्हणाली. पाणीही नको म्हणाली. ढिगाच्या पुढच्या गाठींकडे तिने बघितलंसुद्धा नाही, तळातली, भिंतीकडची एक दाखवली. दोन माणसं लावून ती काढावी लागली. तार तिने स्वतः कापली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर काढून हात नाकाशी नेला. मी तिथेच उभी होते आणि ती हाताचा वास घेत होती, इतकं अंगावर आलं ते की मी दुसरीकडे बघितलं. मग तिने आणखी दोन फोडायला लावल्या. मी फोडून दिल्या.

माल चांगला होता. आता तू म्हणशील तो भाव, मी म्हटलं. तिने बाजाराचाच भाव लावला, एक पैसा कमी केला नाही. चिठ्ठी मी लिहिली आणि सवयीने सहीसाठी तिच्यापुढे सरकवली. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खालच्या रकान्यात, चाळीस वर्षांत मी कधी भरला नव्हता त्या रकान्यात, लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं गोल, सावकाश. 'कपडा धुतलेला. तार कापल्यानंतर सात दिवस तक्रार चालेल. खराब गाठ विकणारीने स्वतःच्या टेम्पोने परत न्यायची. या सौद्याला कोणताही रिवाज लागू नाही.'

मी वाचलं. म्हटलं, नंदा, एवढं लिहायची गरज नव्हती गं, माझा शब्द आहे ना.

बोट रकान्याखाली ठेवून ती थांबली. मी न. परब अशी रोजची सही केली. तिने चिठ्ठी परत माझ्याकडे वळवली आणि पूर्ण नाव लिहा म्हणाली. मी लिहिलं.